मंगळवार, मंगलवार, मङ्गलबार : फोनच्या स्क्रीनशॉटवरून देश कसा ओळखायचा

व्हॉट्सॲपवर एखादा स्क्रीनशॉट येतो. खाली लिहिलेलं असतं, "बिहारमधली आत्ताची परिस्थिती बघा." स्क्रीनशॉटमध्ये एक पोस्ट, वर बारीक पट्टीत घड्याळ, सिग्नलच्या दांड्या, दोन-चार चिन्हं. आपण पोस्ट वाचतो आणि पट्टी सोडून देतो. पण हा फोन कुठल्या देशातला, याचं उत्तर पुष्कळदा त्या पट्टीत असतं, पोस्टमध्ये नसतं.

या लेखासाठी मी एकच उदाहरण घेतलं आहे : भारत की नेपाळ? मराठी माणसाची फसगत होण्याची शक्यता इथे सगळ्यात जास्त असते. लिपी आपली, आकडे आपले, अर्धे शब्दही ओळखीचे, त्यामुळे नेपाळचा स्क्रीनशॉट सहज "उत्तरेकडचा कुठला तरी" म्हणून खपून जातो. हीच पद्धत बांगलादेश, पाकिस्तान किंवा आखाती देशांनाही लागू पडते, फक्त खुणा बदलतात.

सुरुवात करण्याआधी एक गोष्ट पक्की करून घ्या. स्क्रीनशॉटमधली प्रत्येक खूण वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देते. भाषा सांगते की फोन वापरणारा माणूस काय वाचतो. ॲप सांगतात की त्याचं बँक खातं आणि रोजचा व्यवहार कुठे आहे. नेटवर्क कंपनीचं नाव आणि घड्याळ सांगतं की फोन त्या क्षणी कुठे होता. या तीन गोष्टी तीन वेगळ्या देशांकडे बोट दाखवू शकतात, आणि तरीही स्क्रीनशॉट खरा असू शकतो. काठमांडूला फिरायला गेलेल्या नाशिककराचा फोन मराठीत असेल, त्यात भीम ॲप असेल आणि वर नेपाळी कंपनीचं नाव असेल. म्हणून खुणा मोजत बसू नका. कुठली खूण कशाबद्दल बोलते आहे ते बघा.

पहिली पायरी : मूळ फाइल मिळवा

व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून आलेला स्क्रीनशॉट दाबून लहान केलेला असतो. वरच्या पट्टीतली चिन्हं त्यात धूसर होतात आणि फाइलचं मूळ नावही जातं. ज्याने पाठवला त्याला तोच स्क्रीनशॉट "डॉक्युमेंट" म्हणून पाठवायला सांगा. चित्र स्वच्छ मिळतं हा पहिला फायदा. दुसरा फायदा म्हणजे फाइलचं नाव. शाओमीच्या फोनवर ते साधारण असं असतं :

```
Screenshot_2025-09-09-15-32-41-118_com.twitter.android.jpg
```

स्क्रीनशॉट कधी घेतला हे यातून सेकंदापर्यंत कळतं, आणि कुठल्या ॲपमध्ये घेतला तेही. ही वेळ त्या फोनच्या स्थानिक घड्याळाची असते. आयफोनच्या IMG_1234.PNG अशा नावात यातलं काही नसतं. नाव कुणीही बदलू शकतो, त्यामुळे ते पट्टीतल्या घड्याळाशी जुळतं का ते आधी बघा. दोन्ही जुळत नसतील तर तिथेच थांबून पाठवणाऱ्याला विचारायला हवं.

दुसरी पायरी : आकडे आणि वार

आता भाषा. देवनागरी दिसली की हिंदी असं धरून चालू नका. अँड्रॉइडमध्ये भाषा मराठी किंवा नेपाळी ठेवली, तर घड्याळाचे आकडे सहसा देवनागरी होतात : १०:३५. हिंदी ठेवली तर ते 10:35 असेच राहतात, कारण हिंदीसाठी ठरलेली पद्धत रोमन आकड्यांची आहे. म्हणजे पट्टीत देवनागरी आकडे असतील, तर "हा हिंदी फोन आहे" हा अंदाज पहिल्या नजरेतच बाजूला ठेवता येतो. मागे उरतात मुख्यतः मराठी आणि नेपाळी.

या दोघींना वेगळं करायला लॉक स्क्रीनवरची किंवा नोटिफिकेशनच्या पडद्यावरची तारीख उत्तम. मंगळवार हा त्यासाठी सगळ्यात सोयीचा वार. मराठीत "मंगळवार", हिंदीत "मंगलवार", नेपाळीत "मङ्गलबार". "ळ" दिसला की मराठी. "ङ्ग" आणि "बार" दिसलं की नेपाळी. इतर वारांनाही "व" आणि "ब" चा फरक कामाला येतो : आपला सोमवार नेपाळीत "सोमबार" होतो. महिन्याचं नावही बघा : आपला "सप्टेंबर", हिंदीतला "सितंबर", नेपाळीतला "सेप्टेम्बर".

तारीख दिसत नसेल तर बटणं वाचा. मराठीत "शोधा", हिंदीत "खोजें", नेपाळीत "खोज्नुहोस्". शेवटी "-नुहोस्" किंवा "गर्नुहोस्" असलेली बटणं नेपाळीच. "सेटिङ" असं लिहिलेलं दिसलं तरी तेच.

एक खूण मला विशेष आवडते. नेपाळमध्ये रोजच्या व्यवहारात विक्रम संवत चालतो आणि पुष्कळ फोनवर नेपाळी पात्रोचं म्हणजे दिनदर्शिकेचं ॲप असतं. "हाम्रो पात्रो" हे त्यातलं सर्वांना माहीत असलेलं. होम स्क्रीनवर त्याची चौकट असेल तर "२४ भदौ २०८२" अशी तारीख दिसते. ती आहे ९ सप्टेंबर २०२५. या पंचांगात काही महिने ३२ दिवसांचे असतात. त्यामुळे एखाद्या चौकटीत ३२ तारीख दिसली तर घाईने "खोटा स्क्रीनशॉट" म्हणू नका. उलट ती नेपाळची फार बळकट खूण आहे.

मात्र नेपाळी भाषा म्हणजे नेपाळ देश नव्हे. दार्जिलिंग आणि सिक्कीममध्ये ती घराघरांत बोलली जाते, आणि १९९२ पासून ती आपल्या राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आहे. कामासाठी मुंबई-पुण्यात राहणाऱ्या नेपाळी माणसांचे फोनही नेपाळीत असू शकतात. भाषेवरून माणसाबद्दल कळलं, जागेबद्दल अजून काहीच नाही.

इंग्रजीत ठेवलेल्या फोनवर भाषेकडून मिळणारं हे सगळं जातं. तिथे फारतर am/pm चं रूप बघता येतं. अमेरिकी इंग्रजीत ते मोठ्या अक्षरांत येतं, भारतीय आणि ब्रिटिश इंग्रजीत बहुधा लहान. पण अमेरिकी इंग्रजी जगात कुणीही निवडतं, म्हणून मी या खुणेवर एकटीवर काहीच उभं करत नाही. १२ तासांचं घड्याळ की २४ तासांचं, हेही तसंच. ते एका बटणाने बदलतं.

तिसरी पायरी : ॲपची चिन्हं

होम स्क्रीनचा स्क्रीनशॉट क्वचितच हाती लागतो. पण "शेअर" दाबल्यावर खालून येणारी ॲपची रांग पुष्कळ स्क्रीनशॉटमध्ये सापडते, आणि पट्टीच्या डाव्या बाजूला नोटिफिकेशनची एकरंगी चिन्हं असतात. यांत पैशांची ॲप आधी शोधा. गाणी आणि गप्पांची ॲप सगळीकडे सारखीच असतात, पैशाची ॲप मात्र देशाच्या बँकांना बांधलेली असतात.

भारतात फोनपे, पेटीएम, भीम. नेपाळमध्ये हिरवं ईसेवा आणि जांभळं खल्ती. आता इथे डोळा चुकतो, कारण फोनपेही जांभळंच. जवळ जाऊन बघा : फोनपेच्या चिन्हावर देवनागरी "पे" असतो. नावातही असाच गोंधळ आहे. नेपाळमध्ये Fonepay नावाचं वेगळंच पेमेंट नेटवर्क आहे आणि दुकानादुकानांत त्याचे क्यूआर लावलेले असतात. आपलं ते PhonePe. उच्चार जवळपास सारखा, देश वेगळे. मार्च २०२४ पासून भारतीय प्रवासी आपल्या यूपीआयने Fonepay च्या क्यूआरवर पैसे देऊ शकतात. म्हणून "PhonePe वरून नेपाळी दुकानात पैसे दिले" असा स्क्रीनशॉट आला, तर तो बनावट असायचं कारण नाही. माणूस भारतीय, दुकान नेपाळमधलं, इतकाच त्याचा अर्थ.

दराझचं खरेदीचं ॲप नेपाळ, बांगलादेश, पाकिस्तान, श्रीलंका इथे चालतं, भारतात नाही. पठाओ बांगलादेशात सुरू झालं आणि नेपाळमध्येही चालतं. बिकाश किंवा नगद दिसलं तर बांगलादेश, इझीपैसा किंवा जॅझकॅश दिसलं तर पाकिस्तान.

टिकटॉकच्या चिन्हाला तारखेची जोड लागते. भारतात त्यावर २९ जून २०२० पासून बंदी आहे, त्यामुळे अलीकडच्या स्क्रीनशॉटमध्ये ते चालू स्थितीत दिसलं तर भारताची शक्यता बरीच घटते. नेपाळनेही नोव्हेंबर २०२३ मध्ये बंदी घातली होती, ती ऑगस्ट २०२४ मध्ये उठवली. मधल्या काळातला स्क्रीनशॉट असेल तर ही खूण दोन्ही बाजूंना लंगडी पडते. बंदीच्या काळात पट्टीत किल्लीचं छोटं चिन्ह दिसतं का तेही पाहावं. अँड्रॉइडवर ती व्हीपीएन चालू असल्याची खूण असते.

फोन नंबरच्या बाबतीत सावध राहा. नेपाळचे मोबाइल नंबरही दहा आकडी असतात आणि पुष्कळसे ९८ ने सुरू होतात, अगदी आपल्यासारखेच. पुढे +977 किंवा +91 दिसत नसेल तर नुसत्या नंबरावरून काही ठरवू नका. आणि तो स्क्रीनशॉट पुढे कुणाला दाखवण्याआधी नंबर झाकून टाका. आपल्याला देश शोधायचा आहे, माणूस नाही.

चौथी पायरी : नेटवर्क कंपनीचं नाव

फोन कुठे आहे हे सांगणारी ही पहिली खूण. अडचण एवढीच की ती हल्ली कमी दिसते. २०१७ च्या आयफोन एक्सपासून वरच्या खाचेमुळे आयफोनच्या पट्टीत नावाला जागाच उरली नाही. ते कंट्रोल सेंटर उघडल्यावर दिसतं. अँड्रॉइडवर ते लॉक स्क्रीनवर किंवा नोटिफिकेशनचा पडदा खाली ओढल्यावर सापडतं. म्हणून शक्य असेल तर पाठवणाऱ्याकडे पडदा ओढून घेतलेला दुसरा स्क्रीनशॉट मागा.

नेपाळमध्ये एनसेल आणि सरकारी नेपाळ टेलिकॉम. भारतात जिओ, एअरटेल, व्हीआय, बीएसएनएल. एअरटेलवर मात्र जपून बोला, कारण हेच नाव बांगलादेशात आणि आफ्रिकेतल्या अनेक देशांतही चालतं.

सिग्नलच्या दांड्यांजवळ बारीक R दिसला तर फोन रोमिंगवर आहे. सिम एका देशाचं, टॉवर दुसऱ्या देशाचा, असं असू शकतं. रक्सौल आणि वीरगंज किंवा सोनौली आणि भैरहवा या सीमेवरच्या गावांत पलीकडचा टॉवर पकडणं अगदी शक्य असतं. तिथल्या स्क्रीनशॉटबद्दल "सीमेच्या अलीकडे-पलीकडे" यापेक्षा जास्त बोलणं धोक्याचं.

पाचवी पायरी : घड्याळातला पाव तास

नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा बरोबर १५ मिनिटं पुढे आहे. आपण जागतिक वेळेच्या ५ तास ३० मिनिटं पुढे, नेपाळ ५ तास ४५ मिनिटं पुढे. हा पाऊण तासाचा हिशेब आपल्या परिसरात दुसऱ्या कुठल्याही देशाचा नाही. बांगलादेश आपल्यापेक्षा अर्धा तास पुढे, पाकिस्तान अर्धा तास मागे. श्रीलंका आपल्याबरोबरच, त्यामुळे ही युक्ती श्रीलंकेसाठी चालत नाही.

ती करायची अशी. स्क्रीनशॉटमध्ये एखादी सार्वजनिक पोस्ट असते आणि तिच्याजवळ "7m" असं लिहिलेलं असतं, म्हणजे ती सात मिनिटांपूर्वीची. तीच पोस्ट आपल्या फोनवर उघडा. तिथे ती नेमकी कधी टाकली ते आपल्या, म्हणजे भारतीय वेळेत दिसतं. त्यात ती सात मिनिटं मिळवा. स्क्रीनशॉट घेतला तेव्हा भारतात किती वाजले होते ते मिळालं. आता पट्टीतलं घड्याळ बघा. दोन्ही सारखे असतील तर भारत किंवा श्रीलंका. पट्टी १५ मिनिटं पुढे असेल तर नेपाळ.

हे मिनिटांत लिहिलेल्या पोस्टवरच जमतं. "2h" लिहिलेलं असेल तर ते दोन तासांपासून जवळजवळ तीन तासांपर्यंत काहीही असू शकतं, आणि त्यात आपला पाव तास हरवून जातो.

या युक्तीत एक खाच आहे. ॲप उघडं ठेवून माणूस चहाला गेला आणि परत येऊन त्याने स्क्रीनशॉट घेतला, तर "7m" हा आकडा शिळा असू शकतो, कारण यादी ताजी झालेली नसते. घड्याळ मात्र पुढे गेलेलं असतं. मग भारतातल्या फोनवरही १५ मिनिटांचा फरक दिसेल आणि आपण त्याला नेपाळ म्हणून बसू. शिळेपणामुळे घड्याळ नेहमी पुढेच दिसतं, मागे कधीच दिसत नाही. म्हणून पट्टी अर्धा तास मागे असेल, तर ती पाकिस्तानची खूण जास्त भरवशाची. नेपाळ आणि बांगलादेशासाठी मात्र एका स्क्रीनशॉटवर निकाल देऊ नये. त्याच माणसाचा, दुसऱ्या पोस्टचा, दुसऱ्या वेळचा स्क्रीनशॉट घ्या आणि फरक पुन्हा काढा. शिळेपणा दर वेळी वेगळा निघेल, कधी चार मिनिटं, कधी वीस. देशाच्या वेळेतला फरक मात्र दर वेळी तोच : नेपाळचा पंधरा, बांगलादेशाचा तीस.

एक उदाहरण शेवटपर्यंत

सरावासाठी रचलेलं उदाहरण घेऊ. दावा असा की स्क्रीनशॉट बिहारमधला आहे. चित्रात X वरची एक पोस्ट आहे, गर्दीच्या व्हिडिओची. ॲप इंग्रजीत आहे, पट्टीत १५:३२, दोन सिमच्या दांड्या, R नाही. पोस्टजवळ "7m".

आधी आकडे. ॲप इंग्रजीत असूनही घड्याळ देवनागरीत आहे, म्हणजे फोनची मूळ भाषा देवनागरी आकड्यांची आहे. हिंदी बाजूला पडली. बिहारमधल्या फोनवर मराठी असणं अशक्य नाही, पण नेपाळीची शक्यता वर येते. इथपर्यंत माणसाबद्दल अंदाज झाला.

मग घड्याळ. पोस्ट आपल्याकडे उघडली तर 3:10 PM दिसतं. सात मिनिटं मिळवली की ३:१७, सेकंद धरले तर फारतर ३:१८. पट्टीत ३:३२. फरक १४ ते १५ मिनिटांचा. नेपाळशी जुळतो, पण शिळेपणाची शंका उभी आहे.

म्हणून त्याच माणसाकडून दुसरा स्क्रीनशॉट मागवला. त्यात वेगळी पोस्ट, "3m", भारतीय वेळेत 4:41 PM ची. म्हणजे तेव्हा भारतात ४:४४ वाजले होते. पट्टीत १६:५९. पुन्हा पंधरा. या दुसऱ्या चित्रात शेअरची रांग उघडी आहे आणि तिच्यात हिरवं ईसेवा आहे.

आता तिन्ही प्रश्नांची उत्तरं एका दिशेला जातात : वाचणारा बहुधा नेपाळी भाषक, व्यवहार नेपाळमधला, आणि फोन नेपाळच्या वेळेवर चालणारा. R नसल्यामुळे रोमिंगची शक्यताही कमी. माझ्या टिपणात मी असं लिहीन : "फोन नेपाळमध्ये असण्याची शक्यता खूप मोठी. आधार : दोन स्क्रीनशॉटमध्ये सारखाच १५ मिनिटांचा फरक, देवनागरी आकडे, ईसेवा. नेटवर्क कंपनीचं नाव दिसलेलं नाही. वेळ हाताने बदलली असण्याची शक्यता तपासता आलेली नाही." शेवटची दोन वाक्यं गाळू नका. पुढे कुणी तुमचं काम तपासायला घेतलं, तर त्याला सुरुवात तिथूनच करायची असते.

इतकं झाल्यावरही व्हिडिओतली गर्दी कुठली हे ठरलेलं नाही. नेपाळमधल्या फोनवर बिहारचा व्हिडिओ खुशाल दिसू शकतो. त्यासाठी स्क्रीनशॉट बाजूला ठेवून व्हिडिओकडे वळायचं, आणि तिथे पहिल्यांदा रस्त्यावरच्या दुचाकींच्या पाट्या बघायच्या. नेपाळमधल्या खाजगी गाड्यांची पाटी लाल असते आणि तिच्यावर पांढरी अक्षरं असतात. बिहारमधल्या खाजगी गाडीची पाटी पांढरी, अक्षरं काळी.